'आयटीएम राहिलं की पैसे आपोआप'? नाही, भाऊ

"विकली, मंथली, क्वार्टरली, फरक फक्त तारखेचा. लांबची एक्सपायरी घ्या, थीटा कमी खाते, हवं तेव्हा निघा. शेवटच्या मिनिटाला भाव आपल्या बाजूने असला की झालं. आयटीएम राहिलं की पैसे आपोआप खात्यात."

नागपुरातल्या ट्रेडिंग ग्रुपांवर डिसेंबर २०२५ मध्ये ऑप्शन घेणाऱ्यांसाठी हा मेसेज फिरत होता. आयटीएम म्हणजे बाजारभाव ठरलेल्या भावाच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, फायद्याच्या बाजूला असलेला ऑप्शन. ३० तारखेच्या मंगळवारी निफ्टीची साप्ताहिक, मासिक आणि तिमाही एक्सपायरी एकाच दिवशी येत होती आणि त्याच दिवशी शेअर्सचे मासिक सौदेही संपत होते. त्यामुळे यावर बोललेलं बरं.

लांबच्या एक्सपायरीत थीटा, म्हणजे वेळ सरल्याने प्रीमियमची होणारी झीज, रोज कमी खाते, हे खरं. पण तिथे दुसरी जोखीम मोठी होते. निफ्टी २६,००० आणि आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेली अपेक्षित चढउतार, १२ टक्के धरली, तर आठवड्याचा एटीएम, म्हणजे चालू भावाच्याच स्ट्राइकचा, ऑप्शन साधारण १७३ रुपयांना पडतो आणि तीन महिन्यांचा ६२४ ला. आयव्ही १२ वरून १० टक्क्यांवर उतरली, तर आठवड्याच्या ऑप्शनचे २९ रुपये जातात, तीन महिन्यांच्या ऑप्शनचे १०४. निफ्टी जागची हललेली नसतानाही.

"हवं तेव्हा निघा" म्हणणाऱ्याने मार्चच्या एखाद्या आडवळणाच्या स्ट्राइकची मार्केट डेप्थ उघडून पाहावी. गर्दी जवळच्या एक्सपायरीत आणि गोल आकड्यांच्या स्ट्राइकवर असते. समजा खरेदीदार ६१८ देतो आणि विकणारा ६३० मागतो. डिसेंबर २०२५ मधल्या ७५ च्या लॉटला आत-बाहेर करण्यातच ९०० रुपये गेले. तिथे मार्केट ऑर्डर टाकू नये; मधल्या भावाची लिमिट ऑर्डर लावून थांबावं.

शेवटच्या मिनिटाचं म्हणाल, तर निफ्टीचा सेटलमेंट भाव त्या मिनिटाला दिसणाऱ्या आकड्यावर ठरत नाही. घटक शेअर्सच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी काढून तो बंद भाव येतो. तीन ते तीन-वीस निफ्टी २५,९६० जवळ राहिली आणि शेवटची दहा मिनिटं २६,०३० वर, तर साध्या सरासरीने आकडा येतो २५,९८३. उलाढालीच्या भाराने तो थोडा सरकेल, पण स्क्रीनवर तीस रुपये आत दिसणारा २६,००० चा कॉल, म्हणजे त्या भावाला खरेदीचा हक्क, शून्यावर जाऊ शकतो.

सगळ्यात घातक आहे ते मेसेजमधलं शेवटचं वाक्य. निफ्टीत फरकाची रक्कम रोखीने मिळते, तिथपर्यंत ते चालतं. शेअर्सच्या ऑप्शन्समध्ये मात्र ऑक्टोबर २०१९ पासून सगळीकडे प्रत्यक्ष डिलिव्हरी आहे. सौदा कागदावर मिटवणं वेगळं आणि माल उचलणं वेगळं, हे इतवारीतल्या धान्य व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही.

समजा ५०० चा लॉट आहे. १,४८० चा कॉल १२ रुपयांना, म्हणजे ६,००० ला घेतला आणि शेअर १,५०० वर बंद झाला. मेसेजप्रमाणे १०,००० खात्यात यायला हवेत. प्रत्यक्षात बुधवारी ७,४०,००० रुपये भरून ५०० शेअर्स घ्यावे लागतात. ते विकल्यावरच नफा हाती येतो, तोवर भावाची जोखीम तुमची. प्रीमियम वजा जाता उरतात ४,०००. शेअर एक टक्का पडला तर ७,५०० जातात. आयटीएम पुट घेतला असेल तर उलट शेअर्स द्यावे लागतात. डिमॅटमध्ये नसतील तर लिलाव होतो आणि त्याचा भुर्दंड तुमच्यावर.

याची चाहूल आधीच लागते. एक्सपायरीच्या चार दिवस आधीपासून आयटीएम खरेदीवर डिलिव्हरी मार्जिन लागू लागतं: लागणाऱ्या मार्जिनच्या १०, मग २५, ४५ आणि आदल्या दिवशी ७० टक्के. खात्यात तेवढे पैसे नसतील तर ब्रोकर स्वतःच पोझिशन कापू शकतो. त्या दिवसांत नवा खरेदीदारही तेच मार्जिन टाळत असतो, म्हणून खोल आयटीएम ऑप्शनला कधी कधी बाजारभाव आणि स्ट्राइक यांच्या फरकापेक्षाही कमी भाव मिळतो. शेअर्सच्या ऑप्शनमधून निघायचं असेल तर आदल्या आठवड्यातच निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"माझा स्प्रेड आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांनीही हिशोब करावा. १,४८० चा कॉल घेतला, १,५०० चा विकला. बंद भाव १,५१० आला तर दोन्ही पाय आत येतात, शेअर्सची देवघेव आपसात वळती होते आणि शेअरमागे वीस रुपये उरतात. पण १,४९२ आला तर विकलेला पाय शून्यावर मिटतो आणि घेतलेल्या पायाची पूर्ण ७,४०,००० ची डिलिव्हरी अंगावर येते.