गूळ साखरेपेक्षा महाग का?

परवा वाण्याच्या दुकानात माझ्या पुढे एक काकू होत्या. साखर ४५ रुपये आणि गूळ ७० रुपये ऐकून त्या दुकानदारावरच उखडल्या. "साखरेला एवढ्या मशिनी, एवढा कारखाना लागतो. गूळ म्हणजे नुसता उकळलेला रस. मग महाग कसा? लुटता राव तुम्ही!" दुकानदार बिचारा हसला आणि मुकाट्याने गूळ तोलू लागला.

मला मात्र राहवेना. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. मामांचं गुऱ्हाळ होतं आणि माझ्या शाळेच्या कितीतरी सुट्ट्या त्या चुलवाणाच्या उबेला गेल्या. काकूंचं एक वाक्य बरोबर होतं: गूळ म्हणजे उकळलेला रस. महागाईचं सगळं मूळ त्या उकळण्यातच आहे.

एक आधण डोळ्यासमोर आणा. काहिलीत साधारण हजार लिटर रस ओतलेला असतो. त्यातून हाती लागतो दोनशे किलोच्या आसपास गूळ. बाकीचं आठशे लिटर पाणी वाफ करून उडवायचं असतं. त्यासाठी चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस सतत वाळलेलं चिपाड सारत बसतो. दुसरा मळी काढतो. रस साफ व्हायला भेंडीच्या झाडाचं पाणी आणि जरासा चुना पडतो. आणि गुळव्या काहिलीवर नजर लावून उभा असतो. पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो, आणि ती जमली की ओरडतो, "उतरवा!" दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपलाच, लवकर उतरवला तर रवा धरत नाही. तीन तासांची ही सगळी मेहनत दोनशे किलोंसाठी. पुढच्या आधणाला पुन्हा पहिल्यापासून.

आणि ती आठशे लिटर पाण्याची वाफ? छपरातून सरळ आभाळात. गावभर वास सुटायचा, आम्हाला तो फार आवडायचा. मामा म्हणायचे, "वास कसला, आमचं जळण चाललंय वर."

साखर कारखान्यात ही वाफ आभाळात जाऊ देत नाहीत. पहिल्या भांड्यात रस उकळून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस तापवायला वापरतात, दुसऱ्यातली तिसऱ्याला, अशी चार-पाच भांडी ओळीने. पण पुढच्या भांड्यातला रस आधीच्यापेक्षा कमी तापमानाला उकळायला हवा, नाहीतर उष्णता पुढे जाणारच नाही. म्हणून भांड्यांतली हवा खेचून दाब टप्प्याटप्प्याने कमी करतात. महाबळेश्वरला पाणी पुण्यापेक्षा किंचित कमी तापमानाला उकळतं, तेच इथे मुद्दाम आणि जोरात केलेलं असतं. शेवटच्या भांड्यात रस साठ अंशांच्या आसपासच उकळतो. परिणाम असा की बॉयलरची एक किलो वाफ चार-साडेचार किलो पाणी उडवते. काहिलीत हा पुनर्वापर शून्य. ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या इंजिनिअरने १८४०च्या दशकात पेटंट केली, म्हणजे ती काही गुपित नाही. मग मामांनी का नाही बसवली? कारण त्याला बॉयलर, व्हॅक्यूम पंप आणि पाळीपाळीने ते सांभाळणारी शिकलेली माणसं लागतात. हा खर्च रोज दहा टन ऊस गाळणाऱ्याच्या डोक्यावर बसला तर गुऱ्हाळ विकावं लागेल. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्याला तो किलोमागे जाणवतही नाही.

शिवाय भांडं जितकं मोठं तितकं ते स्वस्त पडतं. लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा: पत्रा चौपट लागतो, पण आत आठपट माल मावतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीचे दर काढून बघा, हजार लिटरची टाकी पाचशे लिटरच्या दोन टाक्यांपेक्षा स्वस्तच मिळते. कारखान्यात साखर शिजवतात त्या पॅनवरच्या माणसाचंही तसंच. गुळव्याची नजर दोनशे किलोंवर असते, कारखान्यातल्या पॅनमनची एका वेळी कित्येक टनांवर. कसब म्हणाल तर गुळव्याचंच जास्त, असं माझं मत. पण पगार वाटला जातो किलोवर.

वाफ वाचली की चिपाडही उरतं. गुऱ्हाळात सगळं चिपाड काहिलीखालीच संपतं, कधी पुरतही नाही. कारखाना उरलेल्यावर वीज करून विकतो आणि साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या दाट मळीपासून अल्कोहोल काढतो. दहा टनांच्या चिपाडावर वीजघर कोण उभारणार?

आता दुसरी बाजू, कारण 'मोठं म्हणजे स्वस्त' हे लोक फार सरसकट बोलतात. उसाचा भाव कारखाना मोठा झाला म्हणून कमी होत नाही. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, क्विंटलला ३४० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर. भागाकार करा: एक किलो साखरेत नुसता ऊसच ३३ रुपयांचा. मोठेपणाची सगळी करामत वरच्या चार पैशांत आणि वीज-अल्कोहोलच्या कमाईत चालते.

तीसुद्धा पोटभर ऊस असेल तरच. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरा, अडीच हजार टनांच्या कारखान्याचा व्याज, कायम पगार, देखभाल असा वर्षाचा ठरलेला खर्च २२ कोटी. १६० दिवस गाळप झालं तर चार लाख टन ऊस, ११ टक्क्यांनी ४४ हजार टन साखर. ठरलेला खर्च किलोमागे पाच रुपये. पाऊस रुसला, शेजारच्या कारखान्याने ऊस पळवला आणि गाळप ८० दिवसांत आटोपलं, तर तोच खर्च किलोमागे दहा रुपये. मशिनरी तीच, माणसं तीच, बँकेचा हप्ता तोच. मग संचालक मंडळी काय करतात? गाळपक्षमता दुप्पट करतात! ऊस मात्र तेवढाच. मग तो लांबून आणायचा. तोडलेला ऊस जसजसा वाळतो तसतशी त्यातली साखर घटते, म्हणजे वाहतूक वाढते आणि उताराही पडतो. जिथून आणणं परवडतं त्या अंतरापलीकडे मोठेपणा अंगावर येतो. आपल्याकडे आजारी कारखान्यांच्या बातम्यांत भ्रष्टाचार खूप वाचायला मिळतो, आणि तो असतोही. पण अर्धं पोट भरलेला कारखाना प्रामाणिक माणसाच्या हातातही बुडतो, हे कुणी लिहीत नाही.

ऊस नसला तर मामा चुलवाण विझवून शेतात जायचे. खर्च तिथेच थांबायचा.

काकूंना हे सगळं रांगेत सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "काकू, स्वस्त गूळ मिळाला तर जास्त जपून घ्या." त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. पण खरंच सांगतो, गेल्या हंगामात आजोळी गेलो तेव्हा रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळात डोकावलो होतो. गूळ छान पिवळाधमक, कडक, फोडला की चमचमणारा. आणि काहिलीमागे, चिपाडाच्या ढिगाआड, साखरेची पोती रचलेली.