"ढोल-ताशावाल्यांच्या कानाला सवय असते" : या फॉरवर्डबद्दल थोडं

"ढोल-ताशावाल्यांच्या कानाला आवाजाची सवय झालेली असते, त्यांना काही होत नाही. वाजवून झाल्यावर कान सुन्न होतात ते सकाळपर्यंत आपोआप ठीक होतात. फारच वाटलं तर कापसाचे बोळे घाला, प्लग घातले की ताल हुकतो."

पथकांचे सराव सुरू झाले की हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोच, आणि नवीन पोरंपोरी तो खरा मानतात म्हणून लिहितोय.

आधी सवयीचं. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाज त्या पकडतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आखडतो हे खरंय, पण त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ताशाची काडी पडून आवाज आत गेलेला असतो, शिवाय तो स्नायू अडवतो मुख्यतः खालचे सूर, ताशाचा कडकडाट नाही. मग पहिल्या आठवड्यात त्रास व्हायचा आणि आता होत नाही, ते का? एक तर मन त्या आवाजाकडे लक्ष द्यायचं सोडतं, आणि दुसरं म्हणजे कदाचित ऐकूच कमी यायला लागलंय.

सकाळी ठीक होतं, हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं. वाजवल्यावर कानात कुईं आवाज येणं, समोरचा कापूस कोंबल्यासारखा बोलतोय असं वाटणं, हा कानाने दिलेला इशारा आहे की आज जास्त झालं. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेला अभ्यास आहे, त्यात श्रवणशक्ती चाचणीत पूर्ववत आली होती पण पेशी आणि नस यांच्यातले बरेचसे जोड कायमचे गेले होते. माणसात हे नेमकं किती होतं यावर अजून वाद आहे, पण सकाळी बरं वाटलं म्हणजे काहीच झालं नाही असं धरून चालता येत नाही. नुकसान सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसतं, म्हणून घरात शांततेत सगळं नीट ऐकू येतं आणि हॉटेलच्या गलक्यात 'साठ' की 'आठ' तेच कळत नाही.

आता कापूस. समजा, तुम्ही उभे आहात तिथे आवाज १०३ डेसिबल आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशोबाने ८५ ला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला १५ मिनिटं आणि १०३ ला जेमतेम साडेसात, आणि सराव असतो दोन तासांचा. कापसाने ५ डेसिबल कमी झाले असं धरलं तरी ९८ उरतात, पंचवीसेक मिनिटांत कोटा संपला. फोमचा प्लग नीट बसला आणि पाकिटावरचा आकडा अर्धा धरून १५ कमी झाले तर ८८ उरतात, म्हणजे चार तास, दोन तासांचा सराव आरामात बसतो.

नीट बसला हे महत्त्वाचं. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लटकत असेल तर तो बसलेला नाही, आणि स्वतःचा आवाज घुमतो म्हणून लोक काढून टाकतात तोही बऱ्याचदा अर्धवट घातलेलाच असतो.

ताल हुकण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. फोम वरचे सूर जास्त खातो, त्यामुळे ताशा बोथट वाटतो आणि ताशावाल्याला काडीची धार ऐकू येत नाही. त्यासाठी फिल्टरवाले म्युझिशियन प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, ताशा ताशासारखाच वाजतो, फक्त लांबून. ढोलवाल्याला फोम चालतो कारण ठोका अंगातही जाणवतो. हे सरावाच्या पहिल्या दिवसापासून घाला, थेट मिरवणुकीत पहिल्यांदा घातलेत तर खरंच गोंधळ होईल.

आणि वादनप्रमुखांनो, तुम्ही प्रत्येक बॅचला समोर उभे असता आणि वर शिट्टी स्वतःच्याच कानाजवळ वाजवता, त्यामुळे तुमचा डोस पोरांपेक्षा जास्त. सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा ऑडिओमेट्री करून घ्या, आदल्या रात्री वाजवून जाऊ नका, नाहीतर तात्पुरता सुन्नपणा रिपोर्टमध्ये येतो. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.