सोमवारी साडेदहाला या

टीम लीड झालो तेव्हा पगार थोडा वाढला आणि स्वागताचे मेल लिहायचं काम कायमचं गळ्यात पडलं. परवा पुण्याहून एक मुलगी आमच्याकडे रुजू होणार होती. एरवी सोलापूरची पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात, ही त्याच गाडीने उलटी येत होती. म्हटलं, मेल जोरदार झाला पाहिजे.

पहिल्या मसुद्यात 'परिवार' तीनदा आणि 'प्रवास' चारदा आला. मागून बायकोने वाचलं. "अहो, नोकरीला बोलावताय की डोहाळजेवणाला? यायचं किती वाजता, ते कुठाय?"

ते नव्हतंच. मग सगळं पुसलं आणि साधं लिहिलं. सोमवारी साडेदहाला या, नऊला नको. आयटीवाला दहाला येतो आणि त्याच्याशिवाय लॅपटॉपचा पासवर्ड मिळत नाही. सातरस्त्याकडून आलात तर पुढचं शटर बंद दिसेल, घाबरू नका, जिना मागच्या बोळात आहे. वॉचमनमामांना माझं नाव सांगा. मूळ कागदपत्रं, रद्द केलेला चेक आणि पीएफचा जुना यूएएन नंबर आणा. तो राहिला तर दुसराच नंबर तयार होतो आणि पुढे दोन खाती एकत्र करत बसावं लागतं. डबा आणू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडून. पहिल्या दिवशी काम एकच, सगळीकडे लॉगिन होतंय का बघायचं. खाली माझा मोबाइल नंबर.

गुरुवारी पाठवला. रविवारपर्यंत उत्तर नाही. मेल परतही आला नाही, म्हणजे पोचला. पुण्याची माणसं आभारसुद्धा मोजून मानतात, असं म्हणून मी गप्प बसलो.

सोमवारी दहाला पोचलो तर मामांच्या शेजारी स्टुलावर ती, मांडीवर डबा. पावणेनऊपासून. "पोरगी अर्धा तास शटर वाजवत होती बे," मामा म्हणाले. मामा मला 'बे' म्हणतात. टीम लीड वगैरे वरच्या मजल्यावर.

अकराला तिला पासवर्ड मिळाला. इनबॉक्समध्ये एकच मेल, माझा.

"सर, यात साडेदहाला या असं लिहिलंय."

माझ्या पोटात गोळा आला. तिचं नाव टाइप करताच खाली पत्ता आपोआप आला होता आणि मी तोच दाबला होता. तो ऑफिसचा. खातं बुधवारीच तयार झालेलं, म्हणून मेल परत आला नाही. पण ते उघडायची किल्ली तिला सोमवारी मिळणार होती. तिचा घरचा मेल अर्जावर पहिल्याच ओळीत होता. माझा मोबाइल नंबरही त्याच कुलपाच्या आत.

तिने शांतपणे पुढे वाचलं. "डबा आणू नका म्हणताय. भरली वांगी आहेत, परत नेऊ?"

टीमने ती नेऊ दिली नाहीत. मात्र डबा उघडला तेव्हा दोन वांगी आधीच कमी होती. मामांनी सकाळीच तिचं स्वागत केलं होतं.