कूलरची खिडकी आणि रात्रीची झोप

«मामा, अजिंठा चौकाजवळ हायवेला लागून दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि झोपच उडाली. खिडकी उघडी ठेवली की ट्रक, हॉर्न आणि वरातीचा डीजे. बंद केली तर कूलर काही कामाचा नाही. वरच्या काकू पहाटे पाचला खलबत्ता कुटतात. तुमच्याकडे जर्मनीत एवढी शांतता कशी असते? साउंडप्रूफ काच बसवून घेऊ का?»

बाळा, काच बसवायच्या आधी कूलर हलव.

स्टुटगार्टला माझ्या घरासमोरून चौपदरी रस्ता जातो, आणि खिडकी लावली की तो रस्ता जवळजवळ नाहीसा होतो. यात इथल्या लोकांच्या स्वभावापेक्षा खिडकीचा वाटा मोठा आहे. दांडा फिरवला की पल्ला चारही बाजूंनी रबरावर दाबला जातो. ही खिडकी मुळात थंडी बाहेर ठेवायला घडली, शांतता तिच्यासोबत आली. आपल्याकडची खिडकी वारा आत यावा म्हणून घडली, आणि आवाज वाऱ्याबरोबर आला. उन्हाळ्याच्या चार गरम रात्री मी इथे खिडकी उघडतो, तेव्हा हाच रस्ता माझ्या उशाशी येतो. म्हणून «परदेशात लोक शिस्तीचे, आपल्याकडे सगळं बेशिस्त» हा वाद ऐकला की मला वाईट वाटतं. त्यात चौकट, काच आणि रबर यांचा हिशोब कुणी मांडतच नाही.

तुझं घर मी गेल्या दिवाळीत पाहिलंय. कूलर बेडरूमच्या रस्त्याकडच्या खिडकीत बसवलाय आणि मागची खिडकी, जी बोळात उघडते, ती कपाटाने अर्धी झाकलीय. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो. तेवढीच हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. तुला वाटतं रस्त्याकडची खिडकी उघडी असल्याशिवाय कूलर चालत नाही. खरं तर त्याला येण्याची एक वाट आणि जाण्याची एक वाट एवढंच हवं, ती वाट कुठल्या बाजूची आहे याच्याशी त्याला घेणं नाही. कपाट सरकव, कूलर बोळाच्या खिडकीत लाव, बेडरूमचं दार वीतभर उघडं ठेव, आणि हवा पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या मागच्या जाळीवाटे बाहेर जाऊ दे. मग रस्त्याकडची खिडकी रात्रभर बंद ठेवता येते.

पण बंद म्हणजे खरंच बंद. माझा शाळेचा मित्र जळगावात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. त्याला विचारलं तर म्हणाला, «भो, लोक जाड काच मागतात. सरकत्या पल्ल्याच्या कडेचा ब्रश झिजला असेल तर काच कितीही जाड लावा, आवाज ब्रशमधूनच येतो.» त्याने सांगितलेली परीक्षा सोपी आहे. रात्री दिवे घालव, बाल्कनीतून कुणालातरी खिडकीच्या कडेने टॉर्च फिरवायला सांग, आणि आतून बघ. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाज येतो. दोन पल्ले मधे जिथे एकमेकांवर येतात ती उभी फट आणि खालच्या रुळातली पाणी जायची भोकं हमखास सापडतात. ब्रश नवा बसवता येतो, उभ्या फटीला रबरपट्टी लागते. पाण्याची भोकं मात्र बुजवू नकोस, पावसात रूळ भरून पाणी घरात येईल.

एवढं करून फरक बघायला उशीवर फोन ठेवून आवाज मोजायचं अ‍ॅप चालव. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण त्याच फोनवर, त्याच जागी, आधी आणि नंतरचा फरक कळतो. दहा डेसिबल उतरले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. माझ्या मित्राने एका गिऱ्हाईकाकडे मोजलं होतं: खिडकी उघडी असताना ६३, नुसती लावल्यावर ५५, ब्रश आणि पट्टी बदलल्यावर ४८. त्या घरात आतून दुसरी काच लावायची गरजच पडली नाही. तुला पडली तर ती भिंतीच्या आतल्या कडेला, पहिल्या काचेपासून निदान चार बोटं लांब, आणि बिजागरीवर दाबून बंद होणारी घे, सरकती नको.

घरच्या व्हिडिओ कॉलवर हे बोलणं निघालं तेव्हा दाजी म्हणाले, «सवय होते, महिनाभर थांब.» ते अर्धं बरोबर आहे. जाग येणं कमी होतं खरं, पण झोपेत हॉर्न वाजला की हृदयाचे ठोके वाढतात, आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. आत्याला वाटलं घोरण्याविषयी चाललंय. मग ती स्वतःचंच सांगू लागली: भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गाड्यांच्या आवाजात ती पन्नास वर्षं गाढ झोपली, पण पुण्याला मुलीच्या फ्लॅटमध्ये लिफ्टच्या एका ठणक्याने जागी होते. तिच्या बोलण्यात मला मोलाची गोष्ट सापडली. झोप मोडते ती अचानक उसळणाऱ्या आवाजाने, मागे एकसारखा आवाज असेल तर उसळी लहान वाटते. म्हणून कूलर कमी स्पीडवर पहाटेपर्यंत चालू ठेव, टायमर लावू नकोस. रात्री तीनला तो थांबला की हॉर्न उघडा पडतो आणि तू उठून बसतोस. लाईट गेल्यावर झोप मोडते, त्यात गरमीबरोबर हेही कारण असतं.

खलबत्त्याचं वेगळं आहे. तो आवाज स्लॅबमधून उतरतो, खिडकीशी त्याचा संबंध नाही. इथल्या नव्या इमारतींत फरशीखाली मऊ थर असतो म्हणून पावलं कमी ऐकू येतात. तरी माझ्या जुन्या इमारतीत, बाहेर इतकी शांतता असल्यामुळेच, वरच्या आजोबांच्या चपला मला मोजता येतात. तू काकूंना भांडायला जाऊ नकोस. एक जुनं पोतं चौपदरी घडी करून घेऊन जा, खलबत्त्याखाली ठेवायला सांग आणि शक्य असेल तर बैठक भिंतीजवळ घ्या म्हणावं, कारण खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त हलतो. मसाला कुटायचा थांबवायला सांगू नकोस.

उरला डीजे, आणि तिथे मी तुला खिडकीचा उपाय देऊ शकत नाही. त्याचा धडधडणारा बास काच आणि भिंत दोन्ही ओलांडतो, कानातला बोळाही तो पूर्ण अडवत नाही. तो जिथून निघतो तिथेच थांबायला हवा. नियम आपल्याकडेही आहे आणि घड्याळ जर्मनीसारखंच आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६, निवासी भागात ४५ डेसिबल. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. वरात त्यात बसत नाही. इथे तक्रार करायची तर लोक आधी वहीत तारीख, वेळ आणि आवाजाचा प्रकार लिहून ठेवतात. तूही तशी वही कर, मग ११२ ला फोन कर. तुला नाव उघड होण्याची भीती वाटते हे मी समजतो, गल्लीत राहायचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा असं पोलिसांना सांगितलं आहे, ते फोनवर स्पष्ट बोल. सोसायटीतल्या आणखी दोन घरांनी त्याच रात्री फोन केला तर बरं. तरीही गाडी येईल का, आणि वरात निघून जायच्या आत येईल का, याची हमी मी इथून देऊ शकत नाही.

कूलर हलवल्यावर दोन रात्री झोपून बघ आणि अ‍ॅपचे आकडे मला पाठव. काचेचं त्यानंतर ठरवू.