नवरीचं नाव 'विद्धा'?? दांडी मोजा रे बाबांनो

सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. गणपती झकास, बॉर्डर सोनेरी, आणि मधोमध मोठ्या अक्षरात चि. सौ. कां. विद्धा. मुलीचं नाव विद्या आहे हो! त्याखाली ग्रुपवर छत्तीस जणांचे अंगठे, फुलं, 'मस्तच', 'अभिनंदन', पण एकालाही दिसलं नाही. मी लिहिलं की नाव चुकलंय, तर ताई म्हणते कुठे, बरोबर तर आहे, विद्याच लिहिलंय की. म्हणजे सख्ख्या आईला लेकीच्या नावातलं अक्षर वेगळं दिसत नाही, काय व्हयनं भो आपल्याला?

आणि हे नुसतं गिचमिड झालेलं अक्षर नाहीये, विद्ध असा खराखुरा शब्द आहे. विद्ध म्हणजे टोचलेला, भोसकलेला. बाण लागलेलं हरीण शरविद्ध असतं. आमची भाची बोहल्यावर चढायच्या आधीच जखमी करून टाकली प्रेसवाल्याने.

माझे वडील, आमचे नाना, अमळनेरला बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. पत्र्यावर आधी पांढरा हात मारायचा, मग खडू लावलेली सुतळी ताणून टण्णकन सोडायची की सरळ रेघ उमटते, त्या रेघेला अक्षरं लटकवायची. 'विद्यालय' हा शब्द त्यांनी किती रंगवला असेल देव जाणे, आपल्याकडे गावागावात विद्यालय आहेच. मी डबा धरून शेजारी बसायचे. ते द काढायचे, मग द च्या पोटातून य ओढायचे, आणि य ची उभी दांडी वरच्या रेघेपासून खालपर्यंत सगळ्यात शेवटी मारायचे. म्हणायचे, "माय, ही दांडी द ची नाही, य ची आहे. ती गेली तर य गेला."

बस एवढंच आहे सगळं! द ला स्वतःची पूर्ण दांडी नसते, वरून छोटासा देठ येतो आणि खाली पोट. य ला पूर्ण दांडी असते. म्हणून द ला य जोडला की उजवीकडे वरपासून खालपर्यंत उभी दांडी दिसणारच: द्य. आणि द ला ध जोडला तर ध आपली दांडी टाकून देतो आणि बारीक होऊन द च्या पोटाशी लटकतो: द्ध. उजवीकडे दांडी नाही. आता पत्रिकेवर लावून बघा. विद्या, यात व संपल्यावर दांड्या मोजा, दोन आहेत, एक य ची आणि एक काना. विद्धा, यात व नंतर एकच दांडी, ती कान्याची. दोन असतील तर विद्या, एक असेल तर पोरगी घायाळ. सिद्धी मध्ये पण तसंच, व्यंजनानंतर फक्त वेलांटीची एक दांडी. मोबाईलवर झूम करून बघा, चष्मा नसला तरी दांडी मोजता येते.

(हां, द्व ला पण दांडी नसते, विद्वान, द्वार. तिथे दांडी कामाची नाही, लटकलेल्या भागाचं डोकं बघायचं. व चा नुसता गोल पोटोबा असतो, ध ला वर एक छोटी वळलेली शेंडी असते.)

दुपारी मीच प्रेसला फोन लावला. तो म्हणे मॅडम चिठ्ठीत तसंच होतं. चिठ्ठीचा फोटो मागवला. दाजींचं अक्षर. घाईत त्यांनी य ची दांडी कान्याला अशी चिकटवली की दोन्हीची मिळून एकच झाली. मग ऑपरेटरने डोळ्याला दिसलं ते घेतलं. त्यात ह्या प्रेसवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट, त्यात तयार जोडाक्षर उचलून ठेवायचं असतं, म्हणजे द, हलंत, य असं मनात म्हणायची वेळच येत नाही, नुसता आकार जुळवायचा. बरं बाबा, पोराची चूक नाही म्हणू. दहा तास पत्रिका टाईप करणाऱ्याने किती बघायचं. पण नवरीचं नाव तर वाच ना जोरात एकदा!

नानांचं तेच होतं. अक्षर रंगवताना ते तोंडाने म्हणायचे, वि...द्...या. लोक हसायचे. पण त्यांच्या बोर्डावर कधी विद्धालय झालं नाही.

आता कुणीतरी येईल कमेंटला की बहिणाबाईंना कुठे लिहिता वाचता येत होतं. नव्हतं येत, मान्य. पण त्यांच्या ओव्या ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांना येत होतं ना.

आणि दुसरं कुणी म्हणेल शाळेच्या पुस्तकात आता शुद्‌ध, विद्‌यार्थी असं पाय मोडून सुटं सुटं छापतात. छापतात. डोळ्याला खुपतं, पण लहान पोराला कळतं की आधी द आहे मग ध, हे मला मानावं लागेल. तिथे माझा दांडीचा नियम चालत नाही कारण ध स्वतःच्या दांडीसकट उभा असतो, पण तिथे गोंधळच होत नाही.

खरा राग मला यापेक्षा त्या 'ध्द' चा आहे. त्याच पत्रिकेत खाली लिहिलंय 'सुप्रसिध्द बँड'. सिध्द, शुध्द, बुध्द, पध्दत, अर्ध्या खान्देशातल्या बोर्डांवर हेच. द्ध मध्ये ध खाली लटकलेला दिसतो म्हणून लोकांना वाटतं अर्धा तो आहे. अहो अर्धा द आहे! बोलून बघा. सिद्ध म्हणताना जीभ दाताला टेकून थांबते आणि हवा शेवटी सुटते. ध आधी घेतला तर हवा आधीच सुटून गेली, मग मागून कोरडा द कसला म्हणताय? सिध् या धातूला त लागला की सिद्ध होतं, बुध् चा बुद्ध, शुध् चा शुद्ध, युध् चं युद्ध, सगळीकडे हलका द पुढे आणि जड ध मागे. आणि विद्या मध्ये धातूच विद् आहे, त्यात ध चा संबंधच नाही, म्हणून 'विध्यार्थी' पण नाही. ध्य हवा असेल तर तो मध्य, ध्यान, अध्याय इथे.

टाईप करताना आकार शोधूच नका, क्रमाने दाबा, आकार आपोआप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर द्य साठी `od/`, द्ध साठी `odO`. तुम्ही `Odo` दाबलं की तो ध्द उगवतो. इंग्रजी अक्षरांनी लिहिणाऱ्यांनी siddha लिहा, sidhda नको.

ताई अजून म्हणतेय जाऊ दे, सगळ्यांना कळतं. कळतं गं ताई. पण लग्नाची नोंदणी करायला हीच पत्रिका जोडतात, आणि आधारवर विद्या आहे. मग तिथल्या खिडकीवर कुणाला समजावणार तू?

असो. प्रेसवाला बिचारा चांगला निघाला, नवीन प्रूफ पाठवलं, विद्या झाली, बँड पण सुप्रसिद्ध झाला. मात्र आता 'उद्या' चं 'उद्धा' केलंय, 'उद्धा सायंकाळी हळद' असं. परत फोन करतेय. तोवर ज्यांच्या घरात सिद्धी, सिद्धेश, श्रद्धा, विद्याधर असतील त्यांनी आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला काढून दांड्या मोजा आणि काय निघालं ते खाली लिहा.