‘सुटल्या बिचाऱ्या’ बोलून झाल्यावर माफी कशी मागावी

पंचवटीच्या अमरधामात सरण रचलं जात असताना माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतंच. गप्प उभं राहायला वेगळी साधना लागते, आणि ती आपल्याकडे नसते. त्यामुळे मित्राच्या आईला अग्नी द्यायच्या आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, ‘‘सुटल्या रे काकू. आणि खरं सांगू, तूही सुटलास.’’ मित्र काही बोलला नाही. नुसती मान हलवली. आता तीन दिवसांनी कुणाकडून तरी तुमच्या कानावर आलंय की ते वाक्य त्याला फार लागलं. काळजी करू नका. हे प्रकरण आणखी बिघडवायच्या भरपूर वाटा आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या अंगवळणी पडलेल्याच आहेत.

मुळात आपलं काय चुकलं याचा फार खोलात जाऊन विचार करू नका. केलात तर अडचण होईल. काकू अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, आणि रात्रीच्या पाळ्या मित्राकडेच असत. अशा घरात मृत्यूनंतर पहिल्या रात्री सलग झोप लागते, सकाळी जरा हलकं वाटतं आणि पुढच्याच क्षणी त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटते. दीर्घ आजारपण काढलेल्या घरांत हे नेहमीचं आहे, आणि म्हणूनच कुणी ते मोठ्याने बोलत नाही. तुम्ही ते बोललात, तेही पन्नास माणसांत आणि चुलते ऐकत असताना. वर ज्याला तो तीन वर्षं आईचं करणं समजत होता, त्याला तुम्ही एका शब्दात सुटका करून घेण्यासारखं ओझं ठरवलंत. ‘काकू सुटल्या’ हे त्याने कदाचित पोटात घातलं असतं, कारण ते त्या दिवशी वीस जण म्हणाले. लागलं ते ‘तूही’.

पण एवढा विचार करणारा माणूस नीट माफी मागून बसतो. म्हणून तुम्ही सरळ ‘मी असं काय वाईट बोललो?’ इथूनच सुरुवात करा.

पहिला प्रश्न वेळेचा. दहावा हा उत्तम मुहूर्त. गंगेवर सगळे जमलेले असतात, मित्राचं डोकं भादरलेलं असतं, भटजी पुढचा मंत्र सांगत असतात, आणि पिंड ठेवल्यावर कावळा शिवेपर्यंत कुणालाच काही काम नसतं. तेवढ्यात त्याला बाजूला घ्या. कावळा यायला उशीर झाला तर मागून कुणीतरी ‘काय इच्छा राहिली असेल?’ असं पुटपुटेलच. त्यावर ‘माझी माफी राहिलीय बहुतेक’ असा विनोदही करता येतो. मित्र हसला नाही, तर दुःखात आहे असं समजा.

दहाव्यापर्यंत दम निघत नसेल तर भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत जा. सतरंजीवर आठ-दहा माणसं बसलेली असावीत, मध्ये मित्राची आत्या असावी, आणि तुम्ही दारातूनच रडवेल्या आवाजात सुरुवात करावी, ‘‘मला झोप नाही रे तीन दिवस. मी असं कसं बोललो? मी किती नालायक आहे!’’ याचा मोठा फायदा असा की आता ज्याची आई गेली आहे तो उठून तुम्हाला पाणी देतो आणि ‘जाऊ दे रे, मनावर घेऊ नकोस’ म्हणतो. आत्या तुमच्या पाठीवरून हात फिरवते. तुम्ही मोकळे होऊन बाहेर पडता. त्याला आता आई गेल्याचं दुःख आहेच, शिवाय तुमचीही समजूत काढून झालेली आहे.

शब्दांची निवड महत्त्वाची. आपल्या भाषेत यासाठी एक तयार वाक्य आहे: ‘कळत-नकळत माझ्याकडून काही चुकलं असेल, तर माफ कर.’ पर्युषणापासून निरोप समारंभापर्यंत ते कुठेही चालतं. यात चूक कोणती याचा उल्लेख नाही, ती झाली की नाही हेही ठरलेलं नाही, आणि ‘असेल तर’ आहे ना याचा निकाल मित्रानेच लावायचा आहे. त्यापेक्षा जरा चढं हवं असेल तर ‘तुला लागलं असेल तर सॉरी’ म्हणा. म्हणजे दोष तुमच्या बोलण्यातून उचलून त्याच्या लागण्यात ठेवता येतो. पाठोपाठ ‘पण’ यायलाच हवा. ‘‘पण माझा हेतू तसा नव्हता’’, ‘‘पण सगळेच तसं म्हणत होते’’, ‘‘पण तुलाही मनातून तसंच वाटलं असणार ना?’’ यातलं शेवटचं फार प्रभावी आहे. जपून वापरा, मैत्री एका घावात संपू शकते.

ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग करून कोणता किती उपयोगी पडतो ते तपासलं. ‘चूक माझी आहे’ ही कबुली सर्वांत वजनदार निघाली, त्याखालोखाल झालेलं नुकसान भरून द्यायची तयारी. सर्वांत कमी कामाचं ठरलं ते ‘मला क्षमा कर’ ही विनवणी. त्यांच्या प्रयोगातली चूक हिशेबनिसाने कर विवरणपत्र भरताना केलेली होती, अमरधामातली नव्हती, त्यामुळे आपण तिकडे दुर्लक्ष करू शकतो. तुम्ही विनवणीवरच भर द्या. ‘‘माफ केलंस ना? नक्की ना? मग हस बघू.’’ त्याने ‘हो’ म्हटलं की हात झटका, कारण दमलेला माणूस विषय संपवायलाच ‘हो’ म्हणतो हे कुणाच्या सहसा लक्षात येत नाही.

इथे एका धोक्याची सूचना द्यायला हवी. काही लोक सगळं उलट करतात. ते चौथ्या-पाचव्या दिवशी, घरात कमी माणसं असताना जातात. मित्राला गॅलरीत किंवा जिन्यात एकटं गाठतात, बसत नाहीत, आणि मिनिटभरच बोलतात: ‘‘अमरधामात मी तुला ‘तूही सुटलास’ म्हणालो. ते चुकीचं होतं. काकूंचं केलंस ते ओझं होतं, असा त्याचा अर्थ होतो, आणि ते मी चारचौघांत बोललो. मला वाईट वाटतंय. तू आत्ता काही बोलायची गरज नाही.’’ एवढंच. बोललेला शब्द जसाच्या तसा उच्चारायचा, तो का लागला ते आपणच सांगायचं, ‘जर’ नाही, ‘पण’ नाही, आणि उत्तराची वाट न पाहता निघायचं. अशा माणसांशी तुमची तुलना होणार, म्हणून त्यांना ओळखून ठेवा.

हेच लोक पुढे तेरावा उरकून पाहुणे गेल्यावर पुन्हा येतात, आणि या वेळी बसतात. मित्र चिडून बोलला तर ऐकून घेतात. सिंथिया फ्रांट्झ आणि कर्टनी बेनिगसन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात दुखावलेल्या माणसाला आधी आपलं म्हणणं मांडता आलं आणि ते समजून घेतलं गेलं असं वाटलं, तर उशिरा आलेली माफी घाईच्या माफीपेक्षा जास्त उपयोगी पडली होती. तुम्हाला हे परवडणारं नाही. ‘‘त्या दिवशी माफी मागितली होती ना? आता किती वेळा तेच?’’ हे वाक्य तयार ठेवा.

आता विश्वास परत मिळवण्याचं. निघताना ‘‘काही लागलं तर हक्काने सांग’’ म्हणा. हे म्हटल्यावर कुणीही कधीही काहीही सांगत नाही, याची खात्री बाळगा. मित्राकडे त्या आठवड्यात काय काय पडलेलं आहे ते मात्र बघू नका: भाड्याने आणलेला हॉस्पिटलचा पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची, न उघडलेले डायपरचे दोन पुडे, अर्ध्या औषधांची पिशवी. रिकाम्या पलंगाकडे बघत घर जेवत असतं आणि त्याचं भाडं चालू असतं. कुणी चावट माणूस फोन करून म्हणेल, ‘‘गुरुवारी सकाळी दहाला टेम्पो आणतोय, पलंग परत देऊन येऊ. चालेल का, की अजून राहू द्यायचाय?’’ यात दिवस आहे, वेळ आहे आणि ‘राहू द्या’ म्हणायची मोकळीकही आहे. कारण काही घरांना तो पलंग महिनाभर हलवावासा वाटत नाही, आणि न विचारता तो उचलणारा दुसरी माफी ओढवून घेतो. मृत्यूचा दाखला, बँकेतलं वारसाचं काम, गॅसचं नाव बदलणं ही रांगेत उभं राहायची कामंही अशीच वाटून घेता येतात. तुम्ही त्याऐवजी शनिवारी मिसळीला बोलवा. ‘‘जरा बाहेर पड, बरं वाटेल.’’ सुतक फिटलं की नाही ते आधी विचारू नका.

माफी लागू पडते आहे की नाही, हे ‘हो रे, ठीक आहे’ यावरून ठरवत राहा. खरी लक्षणं दुसरीकडे असतात. तो तुमच्यासमोर आईचं नाव काढतो का? रात्रीच्या पाळ्यांबद्दल, शेवटच्या आठवड्याबद्दल काही सांगतो का? की क्रिकेट, हवामान आणि कॉलेज रोडच्या ट्रॅफिकवरच थांबतो? ज्याने एकदा ‘सुटलास’ म्हटलं त्याच्यापुढे माणूस दमल्याचं पुन्हा कबूल करत नाही. तो एक दिवस आपणहून ‘शेवटी शेवटी मी तिच्यावर ओरडायचो रे’ म्हणाला, तर दार उघडलं असं समजावं आणि नुसतं ऐकावं. तुम्ही मात्र लगेच ‘होतं असं, तू खूप केलंस’ म्हणून ते लावून टाका.

वर्षभरात आणखी संधी येतात. दिवाळीला त्या घरी फराळ होत नाही, आकाशकंदील लागत नाही, आणि शेजारीपाजारी डबा नेऊन देतात. तुम्ही सगळ्यांना धाडता तोच चकाकणाऱ्या पणत्यांचा शुभेच्छा संदेश त्यालाही पाठवा. पितृपक्षात फोन करायचा राहून जाऊ द्या. वर्षश्राद्धाला मात्र आवर्जून जा, पंगतीत मित्राच्या शेजारी बसा, आणि पहिला घास घेताना सहज म्हणा, ‘‘वर्ष कसं गेलं, कळलंसुद्धा नाही बघ!’’ आणि वाढणाऱ्याकडे आणखी थोडी खीर मागा.