‘कसी नयामद’ म्हणजे ‘कोणी आलं नाही’. संपलं.

आज सकाळी एका फारसी पत्राचं इंग्रजी भाषांतर वाचलं आणि चहा तसाच राहिला. मूळ वाक्य सात शब्दांचंही नाही: ‘ता शाम कसी नयामद.’ भाषांतर केलंय, ‘समवन डिड नॉट कम टिल इव्हनिंग.’ म्हणजे कोणीतरी एक ठरलेला माणूस यायचा होता, तो आला नाही! खाली टीपही आहे, हा ‘समवन’ कोण असावा याबद्दल. अहो, तो कोणीच नाही. संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही, एवढंच पत्र लिहिणारा सांगतोय.

घोळ शेवटच्या ‘ई’चा आहे. फारसीत नामाला हा ‘ई’ लागला की ते अनिश्चित होतं. किताब, किताबी. मर्द, मर्दी. ‘एक’ याच अर्थाच्या जुन्या इराणी शब्दातून तो आलाय. म्हणून शिकवताना ‘ई म्हणजे एक’ असं घोकून घेतात आणि तिथेच मुलं अडकतात. इंग्रजीत काय लिहायचं हे तो ‘ई’ सांगतच नाही, आजूबाजूचं वाक्य सांगतं.

‘कसी आमद’ असेल तर ‘समवन केम’ बरोबर. क्रियापदाला ‘न’ लागला की तोच कसी ‘नोबडी’ होतो. ‘किताबी नदारम’ म्हणजे माझ्याकडे एकही पुस्तक नाही. तिथे ‘एनी’ किंवा ‘नो’ हवं. आणि मला खरा राग याचा आहे की आपल्याला हे शिकवावं लागू नये. मराठीत ‘कोणी आलं’ आणि ‘कोणी आलं नाही’ यांत ‘कोणी’ बदलतो का? नाही. अर्थ बदलतो. अगदी तस्संच. मराठी माणसाने फारसी वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावं, मग इंग्रजीकडे जावं. सरळ उडी मारली की ‘समवन’ पदरात पडतो.

त्याच पत्रातलं पुढचं वाक्य: ‘मर्दी कि नामा मीआवुर्द दर राह मान्द.’ भाषांतर: ‘अ मॅन वॉज ब्रिंगिंग द लेटर अँड…’ पुन्हा चूक. ‘ई’ला लागून लगेच ‘कि’ आला आणि त्या ‘कि’ने कोणता माणूस ते सांगितलं, तर तो ‘ई’ फक्त पुढच्या ‘कि’ची जागा धरून ठेवतो. मराठीत आपण म्हणू, ‘जो माणूस पत्र आणत होता, तो वाटेतच राहिला.’ जो–तो. इंग्रजीत इथे ‘द मॅन हू’ हवं.

पण सगळीकडे ‘द’ ठोकू नका. ‘मर्दी रा दीदम कि मीगिरीस्त’ यात क्रियापद आधी येऊन गेलंय, माणूस आत्ताच पहिल्यांदा समोर येतोय. ‘एक माणूस दिसला, रडत होता.’ इथे ‘अ मॅन’. मधल्या, कर्माला लागणाऱ्या ‘रा’मुळे फसायला होतं, कारण ‘रा’ दिसला की नाम निश्चित असं शिकवलेलं असतं. फारसी कवी सादीच्या ‘गुलिस्तान’मधली (1258) पहिलीच गोष्ट ‘पादशाही रा शनीदम’ अशी सुरू होते. तो राजा कोण, ते सादी सांगत नाही. ‘आय हर्ड ऑफ अ किंग.’

‘वन किंग’ नको. मोजायचं असेल तर फारसीत सरळ ‘यक’ येतो. ‘अ सर्टन किंग’ चालतं, मान्य, जुन्या गोष्टीच्या सुरात शोभतंही; पण दर ओळीला ‘सर्टन’ आलं की गोष्टीची पोलीस डायरी होते. ‘वन’ची हक्काची जागा काळाच्या शब्दांपाशी आहे: ‘रोज़ी’ म्हणजे ‘वन डे’. आणि त्याच रोज़ीपुढे आकडा आला, ‘रोज़ी दो बार’, की ते ‘ट्वाइस अ डे’ होतं, आपलं ‘दिवसाला दोनदा’. अनेकवचनात ‘किताबहाई’ असेल तर ‘सम बुक्स’.

एका बाबतीत भाषांतरकारांची मला दया येते. लिपीत ‘मर्दी’ म्हणजे एक माणूस, मर्दपणा, किंवा ‘तू मर्द आहेस’, तिन्ही सारखंच दिसतं. हिंदुस्थानात फारसी वाचायची जुनी पद्धत पहिल्याचा उच्चार ‘मर्दे’ करायची आणि मर्दपणाचा ‘मर्दी’. कानाला फरक कळायचा. आजच्या तेहरानी उच्चारात तो उरलाय फक्त आघातात, आणि आघात कागदावर नसतो. जुन्या हस्तलिखितात तर ‘ख़ाना’सारख्या शब्दाच्या शेवटी हम्ज़ाची नुसती बारीक खूण असते. ते ‘एक घर’ही असू शकतं आणि ‘अमक्याचं घर’ही. तिथे पुढचा शब्द बघायचा: मालकाचं नाव किंवा विशेषण असेल तर इज़ाफ़त, म्हणजे दोन शब्द जोडणारा दुवा, शक्य आहे, लगेच क्रियापद असेल तर ‘एक घर’. तिथे चुकलात तर मी काही बोलणार नाही.

पण ‘नयामद’मधला ‘न’ तर ठळक लिहिलेला होता हो! ती टीप काढून ते पान परत छापा. ‘नोबडी केम टिल इव्हनिंग. द मॅन हू वॉज ब्रिंगिंग द लेटर वॉज लेफ्ट ऑन द रोड.’